तपासणारीची सही

गोंदियातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, केंद्र आहे, तिथे मी कॉम्प्युटरचं काम बघते. मला ही नोकरी आमच्या सिस्टीम इन्चार्जनी लावून दिली. मी त्यांना दादा म्हणायचे. अजूनही तोंडातून तेच निघतं, जिभेला वळण पडलंय त्याला काय करणार.

दादांनी मला सगळं शिकवलं. सर्वर म्हणजे काय, बॅकअप कसा घ्यायचा, यूपीएसची बॅटरी कधी बदलायची. घरून डब्यात आयते, म्हणजे आमच्याकडची तांदळाची धिरडी, आणायचे आणि अर्धे माझ्यापुढे सरकवायचे. माझ्या बहिणीचा मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे. तो सालेकसाहून तपासणीला आला की दादा त्याला आपल्या खुर्चीत बसवून गोल फिरवायचे. असा माणूस. म्हणून तर पुढचं सगळं मला अजून पचलेलं नाही.

आमच्या कामात एक जुनी शिस्त आहे. बॅकअप रोज पहाटे चारला आपोआप निघतो, पण निघालेली फाईल खरंच कामाची आहे का, हे ती उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा ती फाईल वेगळ्या सर्वरवर चढवायची, म्हणजे रिस्टोअर करायची, आणि प्रत्येक टेबलातल्या, म्हणजे माहितीच्या तक्त्यातल्या, ओळी मोजायच्या. एक रुग्ण म्हणजे एक ओळ, एक रिपोर्ट म्हणजे एक ओळ. चालू सर्वरवर किती आणि रिस्टोअर केलेल्यावर किती, हे दोन आकडे रजिस्टरमध्ये शेजारीशेजारी लिहायचे. शेवटी दोन सह्या, एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. करणारे दादा आणि तपासणारी मी.

तपासणारी म्हणजे काय, तर दादा पहिल्या सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला रजिस्टर माझ्यापुढे ठेवायचे. अकरा महिन्यांपूर्वी ही सही माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं होतं की मी पण तिकडे येऊन बघू का. ते म्हणाले, दोन्ही आकडे सारखे दिसले की सही कर, बाकी मी आहो ना. मी सही केली. मग दर महिन्याला करत गेले. आंधळा विश्वास म्हणतात तो माझाच होता, दुसऱ्या कुणी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली नव्हती.

यंदा नवा सर्वर आला. जुना भाड्याचा होता. सोमवारी संध्याकाळी भाड्याने देणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन नेणार होता, आणि रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून त्याआधी डिस्क पुसायच्या होत्या. म्हणजे सोमवारी सकाळी बॅकअपवरून सगळं नव्या सर्वरवर चढवायचं आणि मग जुनं पुसायचं. त्याच्या आधी दादा भाचीच्या लग्नाला बालाघाटला गेले. सोमवारी येतोच, असं सांगून गेले. आमच्या केंद्राच्या प्रमुख डॉक्टर मॅडम शनिवारी मला म्हणाल्या, पुसण्याच्या आधी एकदा रिस्टोअर करून बघून घे, उद्या रविवार आहे, एंट्री बंद असते. मला आनंदच झाला. दादा आले की दाखवू, तुमच्याशिवायही केलं म्हणून.

वेगळा सर्वर एक्स-रेच्या जुन्या फिल्मांच्या खोलीत होता. रविवारी सकाळी खोली उघडली तर त्याच्यावर शेजारच्या राइस मिलच्या भुशाचा थर, बोटाने नाव लिहिता येईल असा. खिडकीची काच फुटलेली आहे, हे मला माहीत होतं. भुसा कुठेही बसतो, असं मी स्वतःला समजावलं. मग मशीन सुरू केलं. आत शेवटचं रिस्टोअर मागच्या वर्षीचं होतं. तेव्हाही मी दादांच्याच बाजूने विचार केला, की ते दुसऱ्या कुठल्या मशीनवर करत असतील. माणूस आपल्या माणसासाठी किती कारणं शोधून काढतो, बघा.

एंट्री बंद असल्यामुळे मी नेहमीच्याच स्क्रिप्टने, म्हणजे बॅकअप काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, ताजा बॅकअप घेतला, म्हणजे मधे एकही नवी ओळ पडायची नाही आणि दोन्हीकडचे आकडे तंतोतंत यायला हवेत. चालू सर्वरवर सगळ्या टेबलांच्या ओळी मोजून कागदावर लिहिल्या. मग फाईल वेगळ्या सर्वरवर चढवली. एकही चूक न दाखवता काम पुरं झालं. टेबलांची यादी बघितली, सगळी टेबलं जागेवर. मग मोजणी लावली. रुग्णांच्या नोंदी जुळल्या. गावं जुळली. समुपदेशनाच्या नोंदी जुळल्या. रक्ताच्या रिपोर्टांचं टेबल आलं आणि पडद्यावर शून्य आलं.

चालू सर्वरवर त्या टेबलात एक लाखावर ओळी होत्या.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. सगळं पुसून परत चढवलं. परत शून्य. तेव्हा बॅकअपची स्क्रिप्ट उघडली. त्यात एक ओळ होती, रिपोर्टांच्या टेबलाचा सांगाडा घ्यावा पण आतली माहिती वगळावी अशी. वर दादांनी आपल्या सवयीप्रमाणे टीप लिहिलेली होती, "जागा कमी आहे, तात्पुरतं", आणि खाली तारीख. एक वर्ष उलटून गेलं होतं. रिपोर्टासोबत रक्त तपासणाऱ्या मशीनच्या आलेखाचं चित्रही साठवतो आम्ही, त्यामुळे तेच टेबल सगळ्यात जड. बॅकअपची डिस्क भरत आली असणार आणि त्यांनी सगळ्यात जड ओझं खाली उतरवलं. टेबल रिकामं असलं तरी यादीत दिसतं, आणि बॅकअप रोज "यशस्वी" म्हणून लॉगमध्ये लिहितो. कारण त्याला जे सांगितलं तेवढं तो इमानदारीनं करतो.

मी रजिस्टर आणलं. माझ्या सहीचे अकरा महिने, अकरा पानं. रिपोर्टांच्या टेबलापुढे दोन्ही रकान्यांत पूर्ण आकडा, जो त्या फाईलमध्ये असूच शकत नव्हता. आणि तेवढंच नाही. फाईल पहाटे चारची आणि मोजणी दुपारी तीनची. मधे सकाळची ओपीडी झालेली, शेदीडशे नवी माणसं चढलेली. म्हणजे रिस्टोअरचा आकडा कमीच यायला हवा. पण अकराच्या अकरा महिने, प्रत्येक टेबलात, शेवटच्या अंकापर्यंत सारखा. चालू सर्वरवरचा एकच आकडा दोनदा उतरवला होता. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. आणि ज्या सारखेपणाकडे बघून मी सही करायचे, तोच खोटेपणाचा पुरावा होता. हे कळण्याइतकं मला दादांनीच शिकवलं होतं, आणि तरी त्यांनी ते रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. तू बघणार नाहीस, अशी त्यांची खात्री होती. ती खरीही निघाली. रागापेक्षा मला त्याचीच लाज जास्त वाटली.

त्या टेबलात माझी एक ओळ आहे. मी वाहक आहे, लग्न ठरवताना तो रिपोर्ट लागेल. माझ्या भाच्याची ओळ आहे. दरेकसाकडच्या, अर्जुनीकडच्या रानातल्या गावांतून लोक अर्धा दिवस बसने येतात, रक्त देतात, आणि कागद घरी सांभाळत नाहीत, कारण आम्हीच त्यांना सांगतो की कागद हरवला तरी आमच्याकडे आहे. सोमवारी डिस्क पुसल्या असत्या तर त्या सगळ्यांना पुन्हा सुई टोचावी लागली असती. आणि शिबिरात एकदाच रक्त देऊन गेलेली माणसं पुन्हा सापडली असती का?

मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, पहले पूरा निकालो, बाकी कल देखेंगे. ऑफिसच्या कपाटातली मोठी हार्ड डिस्क घ्यायला सांगितलं. मी स्क्रिप्टमधून ती ओळ काढली, बॅकअप त्या डिस्कवर घेतला आणि वेगळ्या सर्वरवर चढवला. जड टेबलाने वेळ खाल्ला. पण मोजणी झाली तेव्हा प्रत्येक टेबल जुळलं, रिपोर्टांचंही. तरी मी वीस रिपोर्ट उघडून आलेखाची चित्रं दिसतात का ते पाहिलं, कारण ओळी मोजून फक्त संख्या कळते. माझ्या भाच्याचा त्यात होता. मग मी त्या फिल्मांच्या खोलीत बसून रडले, अगदी हुंदके देऊन.

सोमवारी दादा आले. लग्नातल्या लाडवाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, दादा, रिपोर्टांचं टेबल रिकामं आहे. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाले, "जागाच नव्हती, तर मी काय करू? लाइव्ह सर्वर तर चालूच होता. काही गेलं काय?"

"आज पुसणार होतो ना आपण."

"मले आठवण होती. वेगळं कॉपी करणार होतो मी. तू काऊन एवढी घाबरून राहिली?"

खरंच आठवण होती की नाही, हे मला कधीच कळणार नाही. स्क्रिप्टमध्ये तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. रजिस्टरचं विचारलं तर म्हणाले, दर महिन्याला दोन तास त्या खोलीत कोण बसेल, सगळीकडे असंच भरतात. मी म्हटलं, मॅडमना मी सांगितलंय. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला.

मॅडमच्या केबिनमध्ये रजिस्टर टेबलावर उघडं होतं. त्यांनी दादांना विचारलं की रिस्टोअर केलं होतं का. मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलेल. इतकी वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं, तो निदान एवढं तरी करेल. दादांनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं, दुसऱ्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तपासणं हिचं काम होतं, मॅडम. मी तर फक्त आकडे लिहून देत होतो. सही हिचीच आहे, पाहा."

केसाने गळा कापणं म्हणतात, ते त्या दिवशी कळलं. मला खूप काही बोलायचं होतं. आकडे कुणी लिहिले, स्क्रिप्टमध्ये ती ओळ कुणी घातली, सही कर म्हणून कुणी सांगितलं, सगळं ओठांवर होतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "तूने देखा था?"

"नाही, मॅडम," मी म्हटलं. "एकदाही नाही. त्या अकरा सह्या खोट्या आहेत, आणि त्या माझ्या आहेत."

मॅडमनी रजिस्टर बंद केलं. मी दादांकडे बघितलं, त्यांना निदान लाज वाटली असेल म्हणून. त्यांनी मोठा श्वास सोडला होता आणि ते खुर्चीत मागे टेकून बसले होते, एखादं काम निभावल्यासारखे. खोट्या आकड्यांसाठी मी त्यांना कदाचित माफ करीन. पण तो श्वास मला अजून माफ करता आलेला नाही.