खडूने आखलेला फ्लॅट

चक्रधर डोभाल यांची सगळी हयात दिल्लीच्या सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. राजपत्रातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झालेला त्यांना चालत नसे. आणि अशा माणसाने आयुष्यातला सगळ्यात महागडा कागद न वाचता सही करून टाकला. आता बोला!

झालं असं की निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी ग्रेटर नोएडात दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर असा फ्लॅट नोंदवला. करारावर सही करायचा दिवस त्यांनी स्वतःच नवरात्रातली अष्टमी ठरवला. गढवाली ब्राह्मण, पंचांग बघितल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. बायको सत्येश्वरी घरी तळलेले अरसे डब्यात भरून बिल्डरच्या ऑफिसात घेऊन आली होती. लग्नकार्याला करतात तसे, गुळाचे. स्टॅम्पड्युटीत बाईमाणसाला सूट मिळते म्हणून पहिली खरेदीदार तीच होती, डोभाल दुसरे.

करार चाळीस-पन्नास पानांचा. सत्येश्वरी आठवीपर्यंत शिकलेली, तिने हळूच विचारलं, "अहो, वाचून तरी बघा. एवढं काय काय लिहिलंय."

"मुहूर्त टळतोय," डोभाल म्हणाले. "घरी जाऊन निवांत वाचू."

"सही केल्यावर?"

"अगं, सगळ्यांचा छापील नमुना एकच असतो!"

छापील आहे म्हणून विश्वास ठेवणारा मुद्रित-तपासनीस जगात हाच एक असेल. काउंटरवरच्या पोरांनी अरसे खाल्ले, बोटं चाटली, "आंटीजी, कमाल!" म्हणाली, आणि जिथे जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे तिथे दोघांच्या सह्या घेतल्या.

लक्ष्मीनगरात ते तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. जिना असा अरुंद आणि उभा की समोरून कुणी आलं की एकाने उलटं उतरायचं. वरती गच्ची होती. दुसऱ्या दिवशी सत्येश्वरीने जाहिरातीतला नकाशा हातात घेतला, शिंप्याचा खडू आणला आणि गच्चीवर आपला फ्लॅट आखला. खराखुरा, मापाने! करारात अकराशे पन्नास चौरस फूट लिहिलंय एवढं तिला ठाऊक होतं, त्या हिशेबाने तिने भिंती ओढल्या. हॉलच्या कोपऱ्यात देवघर आखलं. मग स्वयंपाकघरात बसकण मारून शेंगा सोलत बसली. डोभाल वर आले तर म्हणते कशी, "चपला दाराबाहेर काढा. आत नुकतंच पुसलंय."

तो करार डोभालांनी वाचला तो त्या रात्री नाही, महिनाभराने, जेव्हा तेजपाल त्यागी घरी आले तेव्हा. त्यागी मेरठकडचे, त्याच इमारतीत फ्लॅट नोंदवलेले, तोंडाने तिखट पण मनाने लोणी. "पंडितजी," ते म्हणाले, "तुम्ही छापखान्यातले. जरा बघा की, आपण कुठे कुठे कापले गेलोय."

डोभालांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिल काढली. पहिल्याच पानावर पेन्सिल थांबली. अकराशे पन्नास हा 'सुपर एरिया' होता. म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी, बाहेरच्या भिंती, पहारेकऱ्याची खोली, सगळ्यांतला वाटा धरून. दाराच्या आत पाय ठेवायला किती जागा, तो कार्पेट एरिया करारात कुठेच लिहिला नव्हता. नकाशावरून डोभालांनी काढला तर बाल्कनी सोडून सातशे पस्तीस भरला. वर एक कलम, की शेवटी सुपर एरिया दहा टक्क्यांपर्यंत वाढला तर खरेदीदार मुकाट पैसे भरेल.

"ताबा कधी?" त्यागींनी विचारलं. "काउंटरवरचा पोरगा तर छत्तीस महिने म्हणाला होता."

"छत्तीसच. पण आजपासून नाही. 'संबंधित इमारतीचं बांधकाम सुरू झाल्यापासून.' ते कधी सुरू करायचं, ती त्यांची मर्जी. शिवाय सहा महिन्यांची सवलत."

"आणि उशीर केला तर?"

"महिन्याला चौरस फुटामागे पाच रुपये. आपल्या घराचं भाडंसुद्धा निघायचं नाही. आपला हप्ता चुकला तर मात्र अठरा टक्के व्याज."

"आणि हप्ते तरी स्लॅब पडेल तसे ना?"

डोभालांनी पान उलटलं. हप्त्यांपुढे स्लॅबचं नावच नव्हतं, नुसत्या तारखा होत्या. दीड वर्षात जवळजवळ सगळे पैसे भरून मोकळे, मग तिथे इमारत असो की खड्डा. त्यागींनी कपाळावर हात मारला. "वा पंडितजी! वरातीमागून घोडं!"

डोभालांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटण्यासारखंच होतं. दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर गेले तर सत्येश्वरी ओल्या फडक्याने जुन्या भिंती पुसत होती. तिने आतून सगळं ऐकलं होतं. सातशे पस्तिसात बसवायला तिने सगळ्या रेघा आत ओढल्या. "बघा," ती म्हणाली, "देवघर मावत नाही आता. चालेल. देवाला फडताळावर ठेवू." ती रडली असती तर परवडलं असतं.

त्या दिवसापासून डोभालांना वाचायचं वेड लागलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण हे तर पाणीसुद्धा फुंकायला लागले. निवृत्तीनंतर उद्यानातल्या बाकावर लाल पेन्सिल घेऊन बसायचे. नवी जोडपी आपापले करार घेऊन यायची. पुढे कायदा आला, कार्पेट एरिया लिहिणं बंधनकारक झालं, करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांवर पैसे घ्यायला बंदी आली, दोन्हीकडचं व्याज सारखं झालं. डोभालांनी तो कायदा पाठ केला. किती जणांचे पैसे त्यांच्या "सही करू नका" या एका वाक्याने वाचले, देव जाणे. एक पैसा घेतला नाही कुणाकडून. मोठा माणूस होता तो, मी आजही म्हणेन.

इकडे सत्येश्वरीच्या छातीत दम भरायला लागला. तीन जिने चढताना ती प्रत्येक वळणावर बसायची. आधी भाजी आणायला जायची ते सुटलं, मग देवळात जायची ते सुटलं. "लिफ्टचं घर मिळालं की रोज खाली उतरीन," म्हणायची. गच्चीवरच्या रेघा मात्र दर दिवाळीला नव्याने ओढायची.

अशाच एका दिवाळीला बिल्डरचं पत्र आलं. फ्लॅट तयार, आतल्या लाकूडकामासाठी चावी घेऊन जा. सत्येश्वरीने ते पत्र देवापुढे ठेवलं, कुंकू-अक्षता वाहिल्या. डोभालांनी ते तिथून उचललं आणि वाचलं. इमारतीचा भोगवटा दाखला आलेला नव्हता. सुपर एरिया बाराशे चाळीस झाला होता, भिंती होत्या तिथेच होत्या. आणि सोबत एक हमीपत्र होतं, की झालेल्या उशिराबद्दल माझी काही तक्रार नाही, पुढेही नसेल.

"हे नाही," डोभाल म्हणाले. "यावर सही म्हणजे आपलं डोकं आपणच उखळात घालणं. दाखला नसलेल्या घराला पक्की वीजही मिळत नाही."

त्यागी दुसऱ्याच दिवशी आले. "मी सही करतोय, पंडितजी. आई ऐंशीची झाली. वकील म्हणतो, मागाहून रजिस्टर पत्राने निषेध पाठव, हक्क सहजासहजी मरत नाही."

"सहजासहजी! हा शब्द कुठल्या कलमात बसतो?"

"कलमात नाही बसत. आई बसते खिडकीत." त्यागी सत्येश्वरीकडे वळले. "भाभीजी, तुम्हीच सांगा यांना."

सत्येश्वरीने पदराने चष्मा पुसला. "अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी मी म्हणाले वाचा, तर तुम्ही सही केलीत. आज मी म्हणते सही करा, तर तुम्ही वाचत बसलात. कधीतरी माझं ऐका की."

डोभालांचा चेहरा कसनुसा झाला. पण उद्यानात सल्ल्याला येणारे चाळीस लोक त्यांच्या शब्दावर सही न करता अडून बसले होते. आणि खरं सांगायचं तर एकदा झालेली फजिती पुन्हा नको, हा हट्ट त्याहून मोठा होता. "दाखला येऊ दे," ते म्हणाले. "थोडाच उशीर. पहिली खरेदीदार तूच आहेस, तुलाच चावी घ्यायचीय."

त्यांनी नव्या कायद्याने नेमलेल्या प्राधिकरणाकडे तक्रार केली. तारखा पडत गेल्या. त्यागी राहायला गेले. सुरुवातीला जनरेटरवर दिवस काढले, पाण्याचा टँकर मागवला, शिव्या घातल्या, पण म्हातारी रोज लिफ्टने खाली उतरून उन्हात बसायची. ते ऐकलं की सत्येश्वरी नुसती "बरं झालं" म्हणायची.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत तिचं दुखणं वाढलं. शेवटच्या दिवशी तिला खाली न्यायला स्ट्रेचर जिन्यात वळेना. रुग्णवाहिकेच्या दोघांनी खुर्चीत बसवून उतरवली. दुसऱ्या वळणावर तिने नेहमीसारखा हात वर केला, थांबा म्हणून. ते थांबले. तिथेच ती गेली.

डोभाल जिंकले. बिल्डरला भोगवटा दाखला मिळाला, प्राधिकरणाने उशिराचं व्याज द्यायला लावलं, वाढीव क्षेत्रफळाचे पैसे रद्द केले. हमीपत्राचं नाव नाही. त्यागी त्यांना हाताला धरून बिल्डरच्या ऑफिसात घेऊन गेले. काउंटरवर नवी मुलगी होती, आकांक्षा नावाची, चांगली बोलकी. तिने कागद पुढे केले. डोभालांनी सवयीने लाल पेन्सिल काढली. कार्पेट एरिया बरोबर. तारीख बरोबर. व्याजाचा आकडा बरोबर. शेवटचा हप्ता बरोबर. वरती छापलं होतं, 'श्रीमती सत्येश्वरी डोभाल, आपल्या नव्या घरात आपलं स्वागत आहे.' नाव, पत्ता, सगळं बरोबर. पेन्सिल टेकवायला कुठे जागाच नव्हती.

"अंकल, इथे पहिल्या खरेदीदाराची सही," आकांक्षा म्हणाली. "आंटी खाली गाडीत आहेत का? मी कागद खाली घेऊन येते, त्यांना त्रास नको."

त्यागींनी तिला खुणेने गप्प केलं. ती बिचारी गोरीमोरी झाली. मग हळू आवाजात सांगू लागली, मृत्यूचा दाखला लागेल, वारसांची संमती, नाव बदलायचा अर्ज. "सॉरी अंकल. कंपनीकडून खूपच उशीर झाला."

"सगळा तुमचा नाही, बेटा," डोभाल म्हणाले. "शेवटची दोन वर्षं माझी. चावी तुम्ही देत होता, मीच घेऊ दिली नाही तिला." ते व्याजाच्या आकड्यावर बोट ठेवून बसले. "तुमच्या उशिराचं तर तुम्ही भरलंत. माझ्या उशिराचं मी कुणाला भरू?"

मुलीने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. डोभालांनी तो घेतला नाही. त्यांनी कागदांची घडी केली, खिशात घातली आणि त्यागींना म्हणाले, "चला. दिवाळी जवळ आली, गच्चीवरच्या रेघा पुसट झाल्यात."