शेल्फवरची वाकळ

जुन्या लुगड्यांचे चार थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवले, की वाकळ होते. बायको ती उत्तम शिवते. हे कोल्हापुरात सगळ्यांना मान्य आहे, कारण मान्य करायला पैसे पडत नाहीत.

दोन हजार सालानंतर काही वर्षे तिने महिला मंडळाच्या प्रदर्शनात टेबल लावले. बायका वाकळ गालाला लावून बघायच्या, आजीची आठवण काढून डोळे पुसायच्या आणि शेजारच्या टेबलावर लोणचे घ्यायच्या. माझी थोरली बहीण, आमची आक्का, तर सरळ म्हणाली, "चिंध्या इकून कोण मोठं झालंय गं?" बायकोने त्या दिवशी टेबल आवरले. पुढची कित्येक वर्षे ती फक्त बारशाला द्यायला शिवायची. अर्थात फुकट. आक्काच्या तिन्ही नातवंडांना एकेक.

मग मुलीने व्हिडिओच्या साइटवर आईचे चॅनल काढले. टाके घालणारे दोन हात आणि मागे आमच्या कुकरच्या शिट्ट्या, एवढाच कार्यक्रम. पहिले दोनशे सबस्क्रायबर म्हणजे गडहिंग्लजचे माहेर, नृसिंहवाडीची मावशी आणि त्यांनी धाकाने जमवलेले शेजारी. हळूहळू परकी माणसेही आली आणि व्हिडिओखाली माल मांडू देण्यासाठी साइटने घातलेल्या अटीपुरता आकडा भरला. मुलीने बाहेरच्या एका साइटवर छोटे दुकान उघडले आणि ते चॅनलला जोडले. व्हिडिओच्या खाली शेल्फ आले: वाकळेचा फोटो, किंमत, आणि बोट लावले की थेट दुकान.

शेल्फवर काय ठेवायचे यावर मात्र माझे मत घेतले गेले. मी म्हणालो, दुसऱ्याची वापरलेली लुगडी गिऱ्हाइकाला विकणे बरोबर नाही, कापड नवे पाहिजे. ते सगळ्यांना पटले. बाजारातल्या कापडवाल्याने कापड मोजून दिले. बाळाच्या मापाच्या सहा वाकळी तयार झाल्या. दुकानात 'शिल्लक ६' असे लिहून आले.

महिना झाला. शिल्लक सहा.

व्हिडिओ बघणारे कमी नव्हते. कॉमेंटमध्ये टाळ्या, हार, नमस्कार, सगळे भरपूर. शेल्फवरच्या फोटोला बोटही अनेकांनी लावले होते, हे दुकानाच्या हिशोबात दिसत होते. बोट लावून माणसे परत जात होती. बायको रोज सकाळी फोन उघडायची, बघायची आणि पालथा ठेवायची. प्रदर्शनातल्या टेबलासारखे हेही आवरायचे का, एवढाच प्रश्न उरला होता.

उत्तर एका अनोळखी बाईंनी कॉमेंटमध्ये दिले. त्यांनी लिहिले, "ताई, टाके लई झ्याक. पण नवं कापड बाळाला टोचतंय की. आणि दुसऱ्याच्या घरची वाकळ तान्ह्या लेकराला कोण घालतंय? आमच्या सासूबाईंची दोन लुगडी हायती, ती पाठवली तर शिवशीला का?"

खाली बाकीच्यांनी "आमची पण", "आमची पण" लावले.

बायको म्हणाली, "बघा. ह्यास्नी कापड न्हाय, हात पायजेत."

अडचण अशी, की शेल्फला फोटो लागतो, किंमत लागते, शिल्लक लागते. तुमच्या सासूबाईंच्या लुगड्याचा फोटो आम्ही कुठून काढणार? म्हणून मुलीने मजकूर डिस्क्रिप्शनमध्ये घातला. 'आणखी'वर बोट न लावता दिसतात त्या पहिल्या दोन ओळीच तिने वापरल्या, कारण त्याखालचे कुणी वाचत नाही: 'तुमची जुनी सुती लुगडी धुऊन पाठवा, वाकळ शिवून परत पाठवू. मजुरी आणि पत्ता या लिंकवर.' प्रत्येक जुन्या व्हिडिओखालीही तेच चिकटवले.

पार्सले येऊ लागली. कुठल्या लुगड्याला कापराचा वास, कुठल्याला तपकिरीचा. शेल्फवरच्या सहा वाकळी आजही माझ्या शुद्ध व्यवहाराची शोभा वाढवीत आहेत.

आणि एके दिवशी आक्का पिशवी घेऊन आली. चौथे नातवंड होणार होते. पिशवी बायकोपुढे सरकवून म्हणाली, "सासूबाईंची दोन लुगडी हायती. निवांत शीव, घाई न्हाय."

बायकोने चहा दिला. मग फोन उघडून आक्काच्या हातात दिला. "आक्का, व्हिडिओ बघताय न्हवं?"

"बघतोय की. सगळं बघतोय."

"मग खालच्या दोन वळी वाचा."

आक्काने चष्मा लावून वाचल्या. लिंकवर बोट लावले, मजुरीही वाचली. "घरच्यास्नी पण?"

"माझा व्हिडिओ बघणारी निम्मी घरचीच हायती. घरच्यास्नी सोडलं तर इकू कुणाला?"

आक्का माझ्याकडे बघू लागली. मी चहाच्या कपात बघू लागलो; तिथे बरेच काही बघण्यासारखे होते.

"चिंध्याच तर हायत्या," आक्का पुटपुटली.

"व्हय की," बायको म्हणाली, "चिंध्या तुमच्या. मजुरी टाक्यांची."

आक्काने कमरेची पिशवी सोडली. नोटा मोजताना तिने दोनदा थुंकी लावली आणि बायकोने त्या घेऊन तिच्यासमोरच पुन्हा मोजल्या.