नीरु, नीळ्ळु, तण्णी, वेळ्ळम्

लेकीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि सगळ्या मेसनं ऐकलं.

चाकणला आमची मेस आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड आणि आजूबाजूला कंपन्याच कंपन्या. दुपारी सेकंड शिफ्टची मंडळी जेवून कामाला जातात. आम्ही मूळचे परभणीकडचे, पण इथं येऊन इतकी वर्षं झाली की आता तिकडं गेलं की तिकडचेच लोक विचारतात, पुण्याहून आलात का. त्यापलीकडं मी कधी गेले नव्हते. महाराष्ट्राबाहेर तर पाऊलच नाही. जग आपल्या पायानं चालत माझ्या दारात जेवायला येतंय, मग मी कशाला तंगडतोड करू, असं मी म्हणायची.

लेक म्हणाली, "आई, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. बीपी वाढलंय. बाळंतपण इथंच करावं लागेल."

इथं म्हणजे एर्नाकुलमला. जावई केरळचा. हिंजवडीच्या कंपनीत दोघं एकत्र होती, तिथंच जमलं. लग्न रजिस्टर झालं, आमच्याकडून सगळे होतो, त्यांच्याकडून एक मामा आला. विहीणबाई आल्याच नाहीत.

"सासूबाई सगळं करतात गं," लेक म्हणाली. "वेळेवर ताट, पायाला तेल. पण आई, त्या मला हाकच मारत नाहीत. नावानं नाही, कशानंच नाही. नुसत्या समोर येऊन उभ्या राहतात, मग मी ओळखते." आणि रडायला लागली. पहिलटकरीण पोर, परमुलखात, आणि घरात तिला हाक मारणारं माणूस नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, हे जगाला ठाऊक आहे. पोर येऊ शकत नाही तर माहेरानं उठून जायला नको?

नवऱ्याला मेस सोडवत नव्हती. म्हणजे जायचं मीच, एकटीनं. गाडी पुण्यातून निघते ती कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू ओलांडून केरळात उतरते. हे ऐकूनच माझं अवसान गळालं. मला शुगरच्या गोळ्या आहेत, वेळेवर खावं लागतं. वाटेत कुणाला काय मागणार, आणि तिथं विहिणीशी काय बोलणार? तिला हिंदी येत नाही, मला मल्याळम येत नाही. मी म्हटलं, नको बाई, आपलं रडं आपल्यापाशी.

पण मेसनं ऐकलेलं होतं ना! दुसऱ्या दिवशी जेवता जेवता एकजण म्हणाला, "अक्का, तीन शब्द आले की माणूस कुठंही जातो. पाणी, जेवण आणि थँक्यू." हा हुबळीकडचा, वेल्डर. त्याच्या शेजारी नेल्लूरचा, पलीकडं मदुराईचा, कोपऱ्यात ओडिशाचा एक गडी आणि भिंतीकडेला आमचे मोल्ड शॉपचे सुपरवायझर, त्रिशूरचे. हे सुपरवायझर फार कमी बोलायचे, मला चेच्ची म्हणायचे, म्हणजे ताई. जेवण झालं की शेडच्या खांबाला टेकून रोज गावाकडं फोन लावायचे आणि तेवढ्यापुरता त्यांचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. "मोळे, मोळे" चालायचं. मी एकदा विचारलं, कुणाला हो इतकं गोड? तर म्हणाले, "लेक आहे, चेच्ची. आमच्यात लेकीला मोळे म्हणून हाक मारतात."

तर त्या दिवसापासून मी मेसमध्ये कायदाच केला. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत मागायचं, हिंदीत मागेल त्याला मिळणार नाही. काय धुमाळी झाली सांगू! हुबळीवाला ओरडतोय नीरु, नेल्लूरवाला नीळ्ळु, मदुराईचा तण्णी, सुपरवायझर हळूच वेळ्ळम्. आणि ओडिशाचा म्हणतो पाणि. मी म्हटलं, "अरे गाढवा, तुझ्या भाषेत माग." तो म्हणाला, "आंटी, हीच माझी भाषा." बाई गं! इतक्या लांबचा माणूस आणि पाण्याला शब्द माझ्याच आईचा. मी तांब्या हातात धरून उभीच राहिले. जेवणाचंही तसंच. कानडीत ऊट, तेलुगूत भोजनम्, तमिळमध्ये साप्पाडु, मल्याळममध्ये भात-आमटीच्या जेवणाला ऊणु, ओडियात खाइबा. "तुझ्या गावाला मी चाललेय का रे?" असं ओडिशाच्या गड्याला विचारलं, तर म्हणाला, गाडीत कुणी भेटलं तर?

थँक्यूपाशी मात्र सगळे अडले. डोकं खाजवायला लागले. मग एकेक निघालं. धन्यवादगळु, धन्यवादालु, नन्री, सुपरवायझरांचं नंदी, धन्यबाद. पण म्हणताना सगळे असे लाजले, की जसं कुणी स्टेजवर उभं केलंय. मदुराईचा म्हणाला, हे पाहुण्यांसाठी असतं, अक्का.

"मग रोज जेवून निघताना दारात काय पुटपुटता रे माझ्याकडं बघून? मला वाटायचं तेच थँक्यू."

"ते होय! होगि बर्तीनि. म्हणजे जाऊन येतो."

"आमचं वेळ्ळोस्ता. तेच."

"पोयिट्टु वरेन."

"पोयिट्टु वराम्," सुपरवायझर म्हणाले.

ओडिशाच्या गड्यानं तर नुसतं "आसुछि" म्हटलं, म्हणजे येतोय. जायचंय आणि म्हणायचं येतोय!

मी स्टुलावर बसलेच. आमच्यात उंबऱ्यावर 'जाते' म्हटलेलं चालत नाही. 'येते' म्हणायचं. माझ्या आईनं त्यासाठी माझ्या पाठीत धपाटा घातलाय. मला वाटायचं ही आमचीच रीत, परभणीच्या एका गल्लीतली. आणि ही पाच मुलखांची माणसं, अक्षरं वेगळी, भात वेगळा, रोज माझ्याच दारात तेच म्हणून जात होती आणि मला पत्ता नव्हता. सुपरवायझर एवढंच म्हणाले, "चेच्ची, घरात नंदी कुणी म्हणत नाही." ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. आपल्याला मेलं शहाणपण फार.

तिकीट काढलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गोळ्या पिशवीत घातल्या आणि निघाले. सोलापूर मागं पडलं, पाट्यांवरची अक्षरं गोल व्हायला लागली. कलबुर्गीला खिडकीतून जोर लावून "नीरु!" म्हणून ओरडले, तर बाटलीवाला म्हणतो, "वॉटर? कोल्ड वॉटर?" एवढी तयारी केली आणि हा साहेब निघाला! डब्यातली माणसं हसली, मीही हसले.

शब्द कामाला आला तो वेगळ्याच जागी. आंध्रात समोरच्या बाकावर एक म्हातारी बाई खाताना ठसकली. डोळ्यांत पाणी, आणि कसंबसं म्हणाली, "नीळ्ळु." कुणी उठायच्या आत माझी बाटली तिच्या हातात. मी मागायला शिकले होते, आणि द्यायला उपयोगी पडलं! पाणी पिऊन तिनं थँक्यू नाही म्हटलं. माझ्या मांडीवर पानात चिंचेचा भात ठेवला, आणि मी खात नाही तोवर बघत बसली. मी गोळी घेतली आणि तो भात खाल्ला. बाहेर नुसता सपाट लाल मुलूख पळत होता, आणि मला भीती वाटायची राहून गेली.

एर्नाकुलमला जावई घ्यायला आला. घरी लेक दारात, पोट हे एवढं, आणि तिच्या मागं विहीणबाई. पांढरी काठाची साडी, ओले केस मोकळे, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. पाणी गरम आणि रंग गुलाबी! मी लेकीकडं बघितलं. "उकळताना लाकूड घालतात आई, इथं असंच पितात. पी." मी प्याले आणि रुबाबात म्हटलं, "नंदी."

विहीणबाईंनी मान हलवली आणि आत गेल्या.

मग माझी गाडी सुटली. ऊणु वाढलं की नंदी. चहा दिला की नंदी. माझ्या पोरीचं माहेरचं काम ही बाई करतेय, तर मी आभार नको मानू? लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात ही बाई माझ्याइतकीच ताटकळली. नात झाली. मी विहिणीचे दोन्ही हात धरून नंदी, नंदी म्हणत सुटले. तिनं हात सोडवून घेतले. डोळे भरलेले, पण काहीतरी तोडून बोलली आणि तोंड फिरवलं.

जावयानं चाचरत सांगितलं, "अम्मा म्हणतेय, मी हॉटेल चालवते का? नात माझी नाही का? सारखे आभार मानून ह्या मला बाहेरची करतात."

माझ्या डोक्यात लख्ख पडलं. माझी आईही हेच म्हणाली असती. मीच म्हटलं असतं! लेक सांगत होती की त्या हाक मारत नाहीत, आणि मी आल्या दिवसापासून त्यांना दारातली पाहुणी करून ठेवलेली. तेव्हापासून तो शब्द मी गिळून टाकला. सकाळी उठून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले, न विचारता खोबरं खवायला घेतलं. त्यांनी बघितलं आणि खवणी माझ्याकडं सरकवली. बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यायचे की त्यांचं काळं लेहं, ते औषधी चाटण, यावर आमचं खाणाखुणांनी चांगलं भांडणही झालं. शेवटी पोरीनं दोन्ही खाल्लं. पण हाक काही ऐकू येईना. मी कान लावून असायची.

सव्वा महिना झाला, निघायचा दिवस आला. विहीणबाईंनी केळीच्या पानात भात बांधून दिला. माझा जीव पोरीत अडकलेला. ती दारात, छातीशी बाळ, आणि मी आता हिला कुणाच्या हवाली करून चालले, हाच घोर. उंबऱ्यापाशी मी विहिणीकडं वळले. नंदी ओठांवर आलं होतं. ते मागं सारलं आणि सुपरवायझरांनी शिकवलं होतं ते जाऊन येते म्हटलं, "पोयिट्टु वराम्."

मग माझ्या बाटलीत पाणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बाटली काढून घेतली, आणि मान वळवून, घरात रोज मारावी तशी हाक मारली,

"मोळे, अम्मय्क्कु वेळ्ळम् कोडुक्कू."

माझी पोर बाळ सावरत, बाटली घेऊन पाणी भरायला आत गेली.