बेबाबाईने बांधलेली तार

बेबाबाईवर कोणी संशय घेतला की माझं डोकं आजही फिरतं. देवपुरात मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाकीण, ती पंपवाली. नवरा गेल्यापासून पंपाशेजारच्या खोलीत राहायची. मोटर चालू-बंद करणं तिचं काम. वरची टाकी भरली की नुसत्या आवाजावरून ओळखायची. मी म्हणायची, "अगं, लेकराचं रडणं ओळखावं तसं ओळखतेस!"

चौऱ्याण्णव साली वसतिगृहाच्या सेक्रेटरींनी ऑटोमॅटिक बॉक्स बसवला. वरच्या टाकीत सळया, खालच्या हौदात दोन सळया. वरचं पाणी उतरलं की मोटर आपोआप चालू, भरलं की बंद. हौदातल्या सळया पाण्यात असल्या तरच बॉक्स मोटर चालू करणार, कोरड्या पडल्या की बंद. मेकॅनिक अमीनने समजावलं. सेक्रेटरी म्हणाले, "आता बाईंनी स्विचला हात लावायचा नाही." मग खोली तरी कशाला हवी, अशी कुजबुज लागलीच सुरू झाली. मेल्यांना तेवढंच हवं होतं.

पाडव्याआधी बेबाबाईने हौद उपसून घासला. दरवर्षीचा नेमच तिचा. सळया लोंबकळून भिंतीवर आपटत होत्या, म्हणून तिने तांब्याच्या तारेने दोन्ही एकत्र बांधल्या, घागरीच्या दोराला गाठ मारावी तशा. नळाचं पाणी पहाटे येईल असं सगळ्यांना वाटत होतं. आलंच नाही.

सकाळी पोरींच्या आंघोळी झाल्या, वरची टाकी उतरली, आणि कोरड्या हौदावर मोटर सुरू झाली. आवाज ऐकताच बेबाबाई धावत सेक्रेटरींकडे गेली. "साहेब, मोटर कोरडी चालनी शे! बंद करू का?"

"बॉक्स आहे ना बाई. पाणी नसलं की तो आपोआप बंद करतो. हात लावू नका."

ती परत येऊन हात बांधून उभी राहिली. मी भाकरी टाकून धावले, तर पंपातून धूर. शेवटी मीच मेन स्विच पाडला. पंप जाम झाला होता. परीक्षेच्या दिवसांत पोरी शेजारच्या घरांतून पाणी आणत होत्या.

अमीनने हौदात उतरून तार दाखवली. "पाण्यातून करंट जातो तसाच तारेतून जातो. सळया एकमेकींना जोडल्या, म्हणजे बॉक्सला पाणी आहे असंच वाटणार." त्याने मला बाजूला घेतलं. "अक्का, गंजाने बिघडलं म्हणून सांगू का?"

बेबाबाईने ऐकलं. "नको रे भाऊ. खोटं नको."

सेक्रेटरींसमोर ती स्वतःच बोलली, "तार मीच बांधी, साहेब."

"काम जाईल म्हणून मुद्दामच बांधलीत ना?"

तिने खोलीची चावी टेबलावर ठेवली. 

"खोली घ्या, साहेब. पन मुद्दाम म्हनू नका."

सेक्रेटरींनी चावी उचलून खिशात घातली.