दुसऱ्या पदाचं चिन्ह

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे आपण लिहिलेलं कुणी वाचावं असं म्हणायलाही मला संकोच वाटतो. चुकलं तर माफ करा. पण ही गोष्ट मनातून जात नाही.

सोलापुरात डिप्लोमाला माझ्यासोबत सांगोल्याचा एक मित्र होता. त्याचा सर्किटचा विषय मागे राहिला होता. तो निघाला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. परीक्षेच्या आदल्या दुपारी वाचनालयात मी त्याला शिकवत होतो. रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर एकापाठोपाठ जोडलेले, बटण दाबल्यावर करंट किती, एवढाच प्रश्न. लाप्लासच्या रीतीने, म्हणजे वेळेऐवजी s हे अक्षर धरून, करंट आला होता:

I(s) = 6 / ((s+2)(s+3))

याचे दोन तुकडे करायचे. पहिल्या तुकड्याचा आकडा काढायला मी (s+2) बोटाने झाकलं, उरलेल्यात s च्या जागी −2 घातले. सहाला एकाने भागलं, सहा आले. तो (s+3) वर बोट ठेवणार तोच मी म्हणालो, "आरं, दुसरा बी तेवढाच येतो की. परत कशाला काढतोस?"

"व्हय? नक्की?"

"अंशात नुसता आकडा असला की तेवढाच."

"लई शाना झालास गड्या. मास्तर हो आता."

मला म्हणायचं होतं, आकडा तेवढाच, चिन्ह उलटं. माझ्या वहीत शेवटच्या उत्तरात, s जाऊन वेळ t आल्यावर, मी सवयीने वजा लिहिलंही: 6e⁻²ᵗ − 6e⁻³ᵗ. तोंडाने मात्र बोललो नाही. त्याने वही मिटली आणि आम्ही चहाला गेलो.

पेपरात त्याच घडणीचं गणित आलं. तो दोन मार्कांनी गेला. सामान बांधून गावी गेला, फोन उचलेना.

तेव्हापासून, माझं बोलणं शब्दशः घेतलं तर वजाच्या जागी येणारं ते अधिक चिन्ह मला दिसू लागलं. अधिक धरलं तर बटण दाबताक्षणी करंट सहा अधिक सहा, बारा अँपिअर निघतो. कॉइलमधून करंट असा एकदम उसळत नाही, तो शून्यापासूनच चढतो. प्रयोगशाळेत मीटरचा काटा सावकाश वर जाऊ लागला की मी दुसरीकडे बघे. वाटे, त्याने अधिकच लिहिलं असणार. मग वाटे, नसेलही, दुसरंच काही चुकलं असेल. विचारायचा धीर होत नव्हता.

चार महिन्यांनी त्याने स्वतःच फोन केला. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती, ती आली होती. आवाजात राग नव्हता.

"त्या गणितात मी आधी वजा सहाच काढलं हुतं," तो म्हणाला. "मग तुजं बोलणं आठवलं. खोडून अधिक केलं."