माझ्या हातचं दूध

मला कुणी विचारलं, बाई, तू जगलीस कशावर? तर मी सांगते, गोळ्यांवर आणि रागावर. गोळ्या सरकारी होत्या. राग घरचा होता, थोरल्या दिरांनी दिलेला.

आमचं घर कोल्हापुरात, पेठेत. मागं गोठा. थोरले दीर, म्हणजे आमचे भावजी, संध्याकाळी म्हशी दूधकट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळलेला पेला हातात द्यायचे. त्यांच्या दुधाला नाव होतं. सकाळची धार माझी. लग्न होऊन आले तेव्हापासून माझीच. आमची थोरली म्हैस माझा हात लागल्याशिवाय पान्हाच सोडायची नाही. आत्ती, म्हणजे माझी सासू, चेष्टेनं म्हणायची, "जनावरबी तुझ्या माहेरचंच दिसतंय की!"

नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरणारा मोल्डर. नव्वदच्या दशकात त्याच्या मानेला गाठ आली. ताप यायचा, अंगावरचा सदरा रात्री घामानं पिळून काढण्यासारखा व्हायचा, माणूस वाळत गेला. रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. माझंही तपासलं, मलाही. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर दारात उभा राहूनच म्हणाला, "गाठ कॅन्सरची असणार. पण ह्याच्या अंगात ताकद न्हाई, केमो दिली तर केमोनंच जाईल. घरी न्या." गाठीचा तुकडासुद्धा कुणी काढला नाही. त्या वेळी विषाणूवरच्या गोळ्या होत्या म्हणे, पण त्या आमच्यासारख्यांसाठी नव्हत्या. नवरा पावसाळ्याआधी गेला. पोराबाळांविना मी मागं राहिले.

दिवसकार्य झालं. दुसऱ्या सकाळी मी चरवी घेऊन गोठ्यात गेले. भावजींनी माझ्या हातातनं चरवी काढून घेतली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजपासनं म्हशीला हात लावायचा न्हाई. तुझ्या हातचं दूध कोण पिणार गं? धंद्याचं वाटोळं करायचंय व्हय?"

मी म्हटलं, "दुधानं लागत न्हाई, भावजी. डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टर पितोय काय येऊन?"

आत्ती उंबऱ्यात उभी होती. तिनंच मला वेगळं ताट दिलं, वेगळा तांब्या दिला, स्वयंपाकघर बंद केलं. म्हशीनं आठवडाभर पान्हा चोरला, तेवढाच काय तो मला दिलासा. मग मी माहेरी गेले. निघताना भावजी शेजाऱ्याला सांगत होते, "वरीसभर काढंल. भावाच्या वाटंनंच जाणार." ते मी ऐकलं आणि तिथंच, गोठ्याच्या भिंतीला हात लावून, शपथ घेतली. ह्या माणसाला माझ्या हातचं दूध पाजल्याशिवाय मी मरायची नाही. देवाला नाही सांगितलं. देव विसरतो.

पुढं काही वर्षांनी माझ्याच मानेला गाठ आली. डाव्या बाजूला, सुपारीएवढी. आधी सगळे म्हणाले टीबी. एचआयव्ही आहे, गाठ आहे, म्हणजे टीबीच, असा तेव्हा हिशेबच होता. महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. गाठ लिंबाएवढी झाली. घाम, ताप, सगळं नवऱ्यासारखंच. आरशात मान बघायचे आणि भावजींचा आवाज कानात यायचा. भावाच्या वाटंनंच.

तोवर सरकारी दवाखान्यात विषाणूवरच्या गोळ्या फुकट सुरू झाल्या होत्या. तिथं एक डॉक्टरीणबाई होती, मोठ्या तोंडाची. तिनं गाठ चाचपली आणि भडकलीच. "इतके दिवस कुणी सुई तरी घातली का हिच्यात? अख्खी गाठ काढा आणि तपासायला पाठवा." निघाला लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. मी विचारलं, "मग आता घरी न्या म्हणणार?"

ती म्हणाली, "घरी कशाला? पूर्वी केमो दिली की माणूस जायचा, कारण अंगात लढणारं कोणी उरलेलं नसायचं. आता गोळ्यांनी विषाणू दाबायचा, लढणाऱ्या पेशी वाढवायच्या आणि सोबत केमो द्यायची. दोन्ही मिळून. कॅन्सर बरा होऊ शकतो, बाई. सोपं न्हाई, पण होऊ शकतो."

सोपं नव्हतंच. केस गेले, तोंड सोलून निघालं. तीन-तीन आठवड्यांनी सलाईन. केमोनं रक्त आधीच उतरतं, आणि माझ्या गोळ्यांतली एक गोळीही रक्त उतरवणारी, म्हणून बाईनं ती काढून दुसरी दिली. छातीचा संसर्ग होऊ नये म्हणून आणखी एक रोजची गोळी. दुसऱ्या सलाईननंतर गाठ मऊ पडली, मग सापडेनाशी झाली. त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून रडले. आनंदानं नाही हो, रागानं! हेच नवऱ्याला मिळालं असतं तर? कुणाच्या नरड्याला जाऊन धरू मी?

बरी झाल्यावर त्याच गोळ्यांच्या केंद्रात कामाला लागले. नव्या माणसांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावायचं. आणि एका सकाळी दारातनं, तोंडाला टॉवेल गुंडाळून, आत कोण आलं? आमचे भावजी.

मला बघून ते भिंतीला टेकले. पायावर, नाकावर जांभळे-काळपट डाग. दुखत नव्हते, खाजत नव्हते. वर्षभर त्यांनी वैदूचा लेप लावला होता, मग मोठ्या दवाखान्यानं तपासून इकडं धाडलं होतं. डॉक्टरीणबाईनं तोंड उघडायला लावलं, टाळूवरही डाग. "हा सार्कोमा, कातडीचा कॅन्सर," ती म्हणाली. "आपल्याकडं क्वचित दिसतो. तुकडा तपासून आलाय, एचआयव्हीबी आहे. छातीचा फोटो साफ आहे, तेव्हा आधी गोळ्याच. सुरुवातीला डाग थोडे वाढले तर घाबरून गोळ्या सोडायच्या न्हाईत, इकडं यायचं. लढणाऱ्या पेशी वाढल्या की डाग बहुतेक फिके पडतील. न्हाई पडले तर केमो." मग मला म्हणाली, "ह्यांना नीट समजावा."

खोटं कशाला बोलू? मला उकळ्या फुटत होत्या. मी खुर्ची ओढली आणि सगळं समजावलं, एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हटलं, "आणि कच्चं दूध बंद. अंगात ताकद न्हाई तुमच्या. धारेचं प्यायचं न्हाई, उकळूनच."

कट्ट्यावर धारेचं दूध विकणाऱ्या माणसाला हे सांगायला मिळालं! त्यांनी मान खाली घातली. मग हळूच, "पेठेत कळलं तर माझं दूध कोण घेणार गं?"

"दुधानं लागत न्हाई, भावजी. तेव्हाबी सांगितलं होतं."

"कुणाला बोलणार न्हाईस न्हवं?"

"इथलं बाहेर जात न्हाई. तुम्ही काहीबी केलं तरी जात न्हाई." मी थांबले. "पण उद्या सकाळी मी धारेला येणार हाय." ते नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गेले. थोरली म्हैस कधीच गेली होती, तिची रेडी आता म्हैस झाली होती. मी कासेला हात लावला. थोडी बुजली, मग पान्हा सोडला. चरवी भरली, ती घेऊन सरळ स्वयंपाकघरात. आत्ती चुलीपाशी होती. ती बाजूला सरली. मी माझ्या हातानं दूध तापवलं, तीन उकळ्या आणल्या, त्यांच्याच पेल्यात ओतलं आणि सोप्यात आणून समोर धरलं. गोळीची वेळ झाली होती.

"घ्या, भावजी."

आत्ती दारात आली. भावजींनी पेला धरला. गोळी तोंडात टाकली, वरनं माझ्या हातचं दूध प्याले. मिशीला साय लागली. डोळ्यांत पाणी होतं. मला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

"माझ्या धाकट्यालाबी ह्या गोळ्या मिळाल्या असत्या तर..." ते म्हणाले.

"तर त्यानं सगळ्यात आधी माझ्या हातचं दूध मागितलं असतं," मी म्हटलं आणि पेला पुन्हा भरला.