मृणालकाकूंचा नालिशीचा तास

मृणालकाकू आठल्ये तुम्हाला चहा प्यायला बोलावत नाहीत, चहा खायला बोलावतात. जन्म कलकत्त्याचा, सदुसष्ट वर्षं इथेच काढलेली, त्यामुळे मराठी पक्कं असलं तरी खाण्यापिण्याच्या बाबतीत बंगालीच्या वळणावर गेलेलं. मी पहिल्यांदा हसले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "मग पिऊन जाणार का?" त्यानंतर मी मुकाट्याने चहा खाऊ लागले.

मी अमृता. सांगलीची, कलकत्त्यात न्यू टाउनमधल्या एका कंपनीत नोकरीला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली आणि मी इंजिनिअर आहे हे कळताच काकूंनी मला कामाला जुंपलं. पस्तीस वर्षं त्यांनी बालीगंजच्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर गप्प बसवेना, म्हणून दर रविवारी दहा वाजता त्यांच्या पुढच्या खोलीत आठवीच्या अकरा मुलांचा वर्ग भरतो. फी नाही, चटई आहे. ही मुलं हिवाळ्यात शिष्यवृत्तीची परीक्षा देतात. ज्यांच्या घरची कमाई कमी आहे अशा मुलांसाठीच ती असते आणि यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी दर वर्षी पैसे मिळतात. तिचा एक पेपर शाळेच्या विषयांचा आणि दुसरा निव्वळ डोक्याचा: नव्वद मिनिटांत नव्वद प्रश्न. संख्यांच्या मालिका, त्रिकोणाच्या कोपऱ्यांतले आकडे बघून मधला ओळखायचा, रांगेत मिता डावीकडून सातवी आणि उजवीकडून बारावी तर रांगेत किती मुली, असलं सगळं.

रांगेच्या त्या प्रश्नाला मुलं हटकून एकोणीस म्हणतात. दुसरा कुणी मास्तर सांगेल, बेरीज करा आणि एक वजा करा, पुढे चला. काकू तसं सांगत नाहीत. त्या आकडे लहान करून मुलांना खरंच खोलीत रांगेने उभं करतात, मिताच्या जागी एकीला बसवतात आणि दोन्हीकडून मोजायला लावतात. मधलीला आपण दोनदा मोजलं हे मुलांच्याच तोंडून आलं की मग अठरा. उत्तर बरोबर आणि कारण नाही, तर काकूंच्या वर्गात मार्क नाही. मला सुरुवातीला हा शुद्ध छळ वाटायचा.

सराव परीक्षेत मात्र कारण लिहायला वेळ नसतो, तिथे फक्त चार पर्यायांतला गोल काळा करायचा. म्हणून पुढच्या रविवारी काकू नालिशीचा तास घेतात. नालिश म्हणजे तक्रार. ज्याला वाटतं की आपलं उत्तर बरोबर असून चूक धरलं, त्याने फळ्यापाशी यायचं आणि भांडायचं. कारण पटलं तर मार्क, नाही पटलं तर काही जात नाही. मुलं या तासाची आठवडाभर वाट बघतात. मास्तरांशी भांडायची परवानगी आणखी कुठे मिळणार?

एकटी पियाली नस्कर कधी भांडली नाही. डोकं वर्गात सगळ्यांत चांगलं, पण आवाज असा की शेजारच्यालाही ऐकू येऊ नये. तिची आई सोनारपूरहून लोकलने येते आणि बालीगंजमधल्या पाच घरी स्वयंपाक करते. पियालीला तिने वर्गात घातलं तेव्हाच विचारलं होतं, कितपत आशा धरायची? काकू म्हणाल्या, डोक्याच्या पेपरात साठ पडले तर धरायची. आईने तो आकडा गाठीशी बांधला. दुर्गापूजेपर्यंत साठ पडले तर पोरगी येईल, नाहीतर पूजेनंतर रविवारी घरी राहून धाकट्या भावाला सांभाळेल, म्हणजे आईला रविवारचं सहावं घर धरता येईल. बाईचं चुकत होतं असं मला म्हणता येईना, म्हणूनच जास्त राग येत होता.

पूजेआधीची शेवटची सराव परीक्षा मी काढली. काकूंचा नियम असा की मालिकेत निदान पाच पदं द्यायची. मी मोठी शहाणी. नव्वद प्रश्न चार पानांत बसेनात, तेव्हा मी मालिका छाटल्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या होत्या, त्यांचं केलं २, ३, ५ आणि पुढे प्रश्नचिन्ह. पर्याय सहा, सात, आठ, नऊ. माझं उत्तर सात. एक पान वाचवल्याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

पियालीला एकोणसाठ पडले.

निकाल ऐकून तिने पेपराची घडी घातली आणि तो मला परत दिला. संध्याकाळी मी तिचा पेपर पुन्हा तपासायला घेतला, कुठे अर्धा काळा झालेला गोल सापडतो का बघायला. सापडला तो माझाच घोटाळा. त्या मालिकेला तिने आठचा गोल काळा केला होता. दोन आणि तीन मिळून पाच, तीन आणि पाच मिळून आठ. आठही बरोबर! मी काकूंना फोन केला, म्हटलं, चूक माझी आहे, आत्ता तिच्या आईला कळवते की साठ झाले.

"नाही," काकू म्हणाल्या. "रविवारी ती मागेल तेव्हा मिळेल."

"आणि नाही मागितलं तर?"

"तर एकोणसाठ. अमृता, तिथे परीक्षेला तू नसणार आणि मीही नसणार. आपलं उत्तर बरोबर आहे हे तिला स्वतःला ठाऊक पाहिजे."

मी फोन ठेवला आणि आठवडाभर त्यांच्यावर मनातल्या मनात चरफडत राहिले. माणसाने तत्त्वाचं असावं, पण किती?

रविवारी नालिशीचा तास सुरू झाला. एकाने दिशांच्या प्रश्नावर वाद घातला आणि हरला, दुसरीने घड्याळाच्या प्रश्नावर घातला आणि तीही हरली. पियाली खाली मान घालून चटईची काडी उपटत होती. साडेअकरा झाले. काकूंनी विचारलं, आणखी कुणाची नालिश? कुणाची नव्हती. मी खोकले. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की माझा खोकला तिथेच बरा झाला. त्यांनी खडू खाली ठेवला तेव्हा पियाली उठली.

"दिदिमणी, तेहतिसावा प्रश्न," ती काकूंना म्हणाली. फळ्यावर तिने २, ३, ५ लिहिलं, खाली बेरजा मांडल्या आणि पुढे आठ काढला. मग थांबून म्हणाली, "सातही येतो. मला दोन्ही दिसले होते. पण पुढे आकडाच नाही, मग आठ खोटा कशावरून?"

काकू माझ्याकडे वळल्या. "पेपर हिने काढलाय. हिला विचार."

तेरा वर्षांच्या मुलीने माझ्या डोळ्यांत बघून तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने. मी म्हटलं, खोटा नाही, माझा प्रश्न अपुरा आहे, पान वाचवायला मी पदं कापली. मुलं खूष होऊन एकमेकांना ढोसायला लागली. ज्यांचं ज्यांचं उत्तर आठ होतं त्या सगळ्यांना काकूंनी मार्क दिला. पियालीचे साठ झाले आणि मला इतका आनंद झाला की खिडकीबाहेर बघावं लागलं.

बारा वाजता तिची आई न्यायला आली. घामाघूम, हातात पिशवी, दाराच्या आतही येईना. काकूंनी साठ झाल्याचं सांगितलं. तिने आधी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मागच्या रविवारी एकोणसाठ होते," ती म्हणाली. "पोरीसाठी तुम्ही वाढवून दिले असतील. तुमचं मन चांगलं आहे, दीदी. पण असा मार्क मला नको. परीक्षेत कोण वाढवून देणार?"

काकूंचंच बोलणं तिच्या तोंडून ऐकून मी गार पडले. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण काकूंनी मला हाताने थांबवलं आणि पियालीला म्हणाल्या, "आईला समजावून सांग."

पियालीने फळ्यापाशी जाऊन पहिल्यापासून सांगितलं. मूळ संख्या आईला माहीत नव्हत्या, तेव्हा ती वाट सोडून तिने दुसरी धरली. दोनवरून तीन, म्हणजे एक वाढला. तीनवरून पाच, म्हणजे दोन वाढले. आता तीन वाढतील, म्हणून आठ. असंही आठच येतात.

आई दारातच उभी राहून फळा बघत होती. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "तीन का?"

"एक, दोन, तीन. म्हणून," पियाली म्हणाली.

"एकाचे दोन झाले. दुप्पट झाले ना? मग दोनाचे चार होतील. पाच आणि चार, नऊ."

पियालीने फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पेपर उलगडला. नऊ पर्यायांत होता, मी जागा भरायला टाकलेला. एक, दोन, चार. दोन, तीन, पाच, नऊ. काही खोट काढता येईना.

"चूक आहे का?" आईने विचारलं. चुकीच्या घरात शिरल्यासारखी ती एक पाऊल मागे सरली. "माझी शाळा पहिलीतच सुटली. आकडे तेवढे कळतात, अक्षरं नाही."

"चूक नाही," काकू म्हणाल्या. "कारण आहे, आणि पक्कं आहे. हे मलासुद्धा दिसलं नव्हतं." मग मराठीत मला म्हणाल्या, "आता सहाचं कारण कुणी आणायच्या आत हा प्रश्न फाडून टाक बाई."

आई हसली नाही. ती आत आली, चपला काढून चटईवर बसली आणि फळ्यावरचे आकडे बोटाने हवेत पुन्हा मांडून बघायला लागली. मग ती म्हणाली, "हिला रविवारी पाठवते. भावाचं मी बघते काहीतरी."

पियालीने दप्तर घट्ट धरलं, बस.

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी एक कोरा पेपर घेतला, तेहतिसाव्या प्रश्नाला नऊच्या पर्यायाचा गोल काळा केला आणि लाल पेन उघडलं. "तुमचं नाव सांगा. पूर्ण."

इतके महिने आम्ही तिला पियालीची आईच म्हणत होतो. ती लाजून पदराशी चाळा करत राहिली, मग हळूच म्हणाली, "संध्या नस्कर."

काकूंनी वळणदार बंगाली अक्षरांत नाव लिहिलं, समोर एक मार्क दिला आणि पेपर तिच्या हातात ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि लेकीला विचारलं, "यात माझं नाव कुठे आहे ते दाखव."